विशेषणामागचा आकडा

‘टुमदार १ बीएचके, ५८० चौ. फूट, स्टेशनपासून पाच मिनिटे, शांत व निसर्गरम्य परिसर, भाव फक्त १०,०००. त्वरित विकणे आहे.’

ही जाहिरात मी नमुन्यादाखल रचली आहे. पण कल्याण-डोंबिवलीच्या पलीकडे घर शोधणाऱ्या कुणालाही ती ओळखीची वाटेल. तिच्यातलं एकही वाक्य कोर्टात खोटं ठरवता येणार नाही, आणि तरीही ती वाचून घर पाहायला गेलेला माणूस तासाभरात हिरमुसून परत येईल. असं का होतं हे समजून घ्यायचं तर जाहिरात डावीकडून उजवीकडे न वाचता प्रत्येक विशेषणापाशी थांबावं लागतं आणि विचारावं लागतं, की या जागी कोणता आकडा यायला हवा होता?

‘टुमदार’च्या जागी खोल्यांची लांबी-रुंदी यायला हवी होती. ‘शांत’च्या जागी बसथांबा, भाजीबाजार, शाळा किती अंतरावर आहेत हे हवं होतं. ‘निसर्गरम्य’च्या जागी खिडकीसमोरची मोकळी जमीन कुणाची आणि तिच्यावर किती मजले बांधायला परवानगी आहे, हे हवं होतं. घर विकणाऱ्याला हे आकडे माहीत असतात. ते चांगले असते तर त्याने आनंदाने छापले असते. वर्तमानपत्राच्या छोट्या जाहिरातींत तर शब्दांचे किंवा ओळींचे पैसे मोजावे लागतात. पैसे मोजून घेतलेल्या जागेत जो माणूस ‘तिसरा मजला, दोन्ही बाजूंनी खिडक्या, २४ तास पाणी’ न लिहिता ‘टुमदार’ लिहितो, त्याच्याकडे लिहिण्यासारखं दुसरं फारसं काही नसतं.

हा माझा केवळ तर्क नाही. स्टीव्हन लेव्हिट हे अर्थतज्ज्ञ आणि स्टीफन डबनर हे पत्रकार. या दोघांच्या ‘फ्रीकोनॉमिक्स’ या २००५ सालच्या पुस्तकात घरांच्या जाहिरातींतले शब्द आणि त्या घरांना शेवटी मिळालेली किंमत यांची सांगड घातली आहे. ज्या जाहिरातींत ग्रॅनाइट, मेपलचं लाकूड, ओट्याला वापरतात ते कोरियन अशा वस्तूंची नावं होती, ती घरं चढ्या किमतीला गेली होती. ज्यांत ‘फँटॅस्टिक’, ‘स्पेशस’, ‘चार्मिंग’, ‘ग्रेट नेबरहूड’ असे शब्द किंवा उद्गारचिन्ह होतं, ती कमी किमतीला गेली होती. ‘प्रशस्त’ म्हटलेलं घर कमी किमतीला जातं, हे ऐकायला विचित्र वाटतं. पण जे घर खरोखर प्रशस्त आहे, त्याचं क्षेत्रफळच सगळं बोलून जातं. विशेषणाची गरज मधल्या घरांना पडते, जी लहान म्हणवत नाहीत आणि मोठी ठरत नाहीत.

त्याच अभ्यासातला दुसरा भाग मला त्याहून महत्त्वाचा वाटतो. शिकागो परिसरातल्या सुमारे एक लाख घरांच्या विक्रीत तीनेक हजार घरं खुद्द एजंटांच्या मालकीची होती. एजंट स्वतःचं घर विकताना ते सरासरी दहा दिवस जास्त बाजारात ठेवत होते आणि त्यांना सुमारे तीन टक्के जास्त किंमत मिळत होती. स्वतःच्या घराच्या जाहिरातीत ते पोकळ विशेषणं टाळत आणि ‘नवीन’, ‘ग्रॅनाइट’, ‘लगेच राहायला येण्याजोगं’ असं ठोस लिहीत. म्हणजे कोणता शब्द घर विकतो हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. दुसऱ्याचं घर विकताना मात्र त्यांना दोघांचं मन राखायचं असतं. घरमालकाला आपल्या घराचं कौतुक छापून आलेलं हवं असतं, आणि गिऱ्हाइकाला आत कुठेतरी कळायला हवं असतं की इथे भाव पाडून मागायला हरकत नाही. ‘चार्मिंग’ हा शब्द दोघांनाही आपापलं ऐकवतो. आपल्याकडच्या ‘टुमदार’चं कामही मला तसंच दिसतं.

आता नमुन्याच्या जाहिरातीतलं घर मोजू. ५८० चौरस फूट हा आकडा आहे, पण कशाचा, हे लिहिलेलं नाही. बांधकामाच्या बाजारात एकाच घराची तीन क्षेत्रफळं चालतात. कार्पेट म्हणजे ढोबळमानाने आत प्रत्यक्ष वापरता येणारी जागा. बिल्टअप म्हणजे त्यात भिंतींची जाडी वगैरे मिळवून आलेली. आणि सुपर बिल्टअप, ज्याला विक्रेते ‘सेलेबल’ म्हणतात, म्हणजे जिना, लिफ्ट, लॉबी, कधी कधी क्लबहाऊसचाही वाटा घरावर चढवून आलेली. या चढवण्याला बाजारात ‘लोडिंग’ म्हणतात. ते किती असावं याला नैसर्गिक मर्यादा नाही. पंचवीस टक्केही असतं, चाळीसही असतं, त्याहून जास्तही असतं.

समजा आपल्या घरावर चाळीस टक्के लोडिंग आहे. ५८० ला १.४ ने भागलं की ४१४ चौरस फूट उरतात. मेजरिंग टेप घेऊन आत गेलो. हॉल १० बाय १४, म्हणजे १४०. स्वयंपाकघर ८ बाय ८, म्हणजे ६४. बेडरूम १० बाय ११, म्हणजे ११०. न्हाणीघर २८, संडास १२, मधला बोळ २४. बेरीज ३७८. आतल्या भिंतींनी व्यापलेले १६ धरले तर ३९४. उरलेले वीस फूट कुठे गेले? हॉलला लागून ४ बाय ५ ची बाल्कनी आहे, ती विक्रेत्याने कार्पेटमध्ये धरली आहे.

२०१६ च्या रेरा कायद्यात कार्पेटची व्याख्या दिलेली आहे. आतल्या भिंती त्यात धरायच्या, बाहेरच्या भिंती, डक्ट, घराची स्वतःची बाल्कनी आणि उघडी गच्ची धरायची नाही. या व्याख्येनुसार आपलं घर ३९४ चौरस फुटांचं आहे. जाहिरातीत ‘भाव फक्त १०,०००’ म्हटलं होतं. १०,००० गुणिले ५८० म्हणजे ५८ लाख. हेच ५८ लाख ३९४ ने भागले तर भाव निघतो सुमारे १४,७०० रुपये फूट. घर तेच, पैसे तेवढेच. पण शेजारच्या इमारतीत कुणी कार्पेटवर १३,००० चा भाव सांगितला तर तो महाग वाटेल आणि आपण स्वस्त समजून महाग घर घेऊ. ‘टुमदार’ हा शब्द वाचून जो अंदाज यायला हवा तो नेमका हा आहे, की क्षेत्रफळाच्या आकड्याला काहीतरी जोडलेलं आहे आणि आत शिरल्यावर जागा कमी भरणार आहे. ‘कॉम्पॅक्ट’, ‘स्मार्ट २ बीएचके’, ‘दीड बीएचके’ ही याच घराण्यातली नावं. दीड बीएचकेमधली अर्धी खोली पलंग आणि कपाट दोन्ही घेऊ शकते का, हे फक्त तिच्या मापावरून कळतं.

नव्या प्रकल्पांबाबत कायद्याने आकड्यांची बाजू बरीच घट्ट केली आहे. ५०० चौरस मीटरहून मोठ्या जमिनीवरचा आणि आठहून जास्त सदनिकांचा प्रकल्प नोंदणीशिवाय जाहिरातच करू शकत नाही. जाहिरातीत नोंदणी क्रमांक आणि प्राधिकरणाच्या संकेतस्थळाचा पत्ता असावा लागतो. महाराष्ट्रात १ ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोडही सक्तीचा आहे. तो मोबाइलने स्कॅन केला की महारेराच्या पानावर मंजूर नकाशे, सदनिकांची क्षेत्रफळं आणि ताबा देण्याची जाहीर केलेली तारीख दिसते. कलम १२ तर ग्राहकाला मोठं बळ देतं. जाहिरातीतल्या किंवा नमुना सदनिकेतल्या चुकीच्या माहितीवर विसंबून पैसे भरले आणि नुकसान झालं, तर बिल्डरला भरपाई द्यावी लागते, आणि घर नको म्हणून बाहेर पडणाऱ्याला पैसे व्याजासह परत मिळतात.

पण कलम लागू व्हायला माहिती चुकीची असावी लागते. ‘३९४ चौरस फूट’ हे चुकीचं असू शकतं, मोजून सिद्ध करता येतं. ‘आलिशान’ चुकीचं कसं ठरवणार? ‘जागतिक दर्जाच्या सुविधा’ कोणत्या मापाने मोजणार? त्यामुळे माहितीपत्रकातल्या बड्या शब्दांचा आणि करारातल्या मजकुराचा मेळ घालून पाहणं हे काम घेणाऱ्याचंच राहतं. माहितीपत्रकात पोहण्याचा तलाव दिसतो. करारासोबतच्या सुविधांच्या यादीत तो आहे का? असला तर कोणत्या टप्प्यात होणार आहे? ‘प्रस्तावित मेट्रोपासून जवळ’ असेल, तर प्रस्ताव कुणाचा आणि काम सुरू झालंय का? बिल्डरच्या हातात नसलेल्या गोष्टींचं आश्वासन बिल्डर देऊ शकत नाही, आणि म्हणूनच त्या गोष्टी करारात न येता चित्रातच राहतात.

आपलं नमुन्याचं घर जुनं, म्हणजे रिसेलचं असेल, तर बिल्डरसाठी केलेली ही कलमं विकणाऱ्या घरमालकाला लागू होत नाहीत. तिथे उपयोगी पडतो तो इंडेक्स टू. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्च करून नोंदलेल्या व्यवहारांचा गोषवारा पाहता येतो. त्याच इमारतीतली सदनिका गेल्या वर्षी किती क्षेत्रफळाची म्हणून, किती रुपयांना नोंदली गेली, हे त्यात असतं. क्षेत्रफळ बहुधा चौरस मीटरमध्ये लिहिलेलं असतं. त्याला १०.७६४ ने गुणलं की चौरस फूट मिळतात. ते कार्पेट आहे की बिल्टअप, हेही तिथेच पाहून घ्यावं. ‘फक्त’ आणि ‘त्वरित’ या दोन शब्दांना मला याहून चांगलं उत्तर माहीत नाही. दहा मिनिटांत कळतं, की भाव खरोखर उतरलेला आहे की घाई फक्त आपल्याला लावली जातेय.

राहिली ‘स्टेशनपासून पाच मिनिटे’. हा आकडाच आहे, तरी तो विशेषणाचं काम करतो, कारण पाच मिनिटं चालत, रिक्षाने की पहाटे चार वाजता रिकाम्या रस्त्यावर मोटारीने, हे सांगितलेलं नाही. जपानमध्ये ही पळवाट बंद केलेली आहे. तिथल्या घरविक्री व्यवसायाच्या आचारसंहितेनुसार ‘चालत अमुक मिनिटे’ लिहायचं असेल तर ८० मीटरला एक मिनिट हाच हिशोब धरावा लागतो, आणि उरलेल्या अंतरासाठी पुढचं पूर्ण मिनिट मोजावं लागतं. म्हणजे ४१० मीटरला सहा मिनिटं. तिथे ‘नवीन घर’ म्हणजे बांधून वर्ष न झालेलं आणि कुणीही न राहिलेलं घर, हेसुद्धा ठरलेलं आहे. ‘परिपूर्ण’, ‘सर्वोत्तम’ अशा शब्दांना पुरावा नसेल तर मनाई आहे. सिग्नल आणि चढ त्या ८० मीटरच्या हिशोबात येत नाहीत, ही त्याची मर्यादा. तरी दोन जाहिराती शेजारी ठेवून तुलना तरी करता येते. आपल्याकडे असा नियम नसला, तरी नकाशावर अंतर पाहून ८० ने भागायला कुणाची परवानगी लागत नाही. पाच मिनिटं चालत म्हणजे ४०० मीटर. नकाशा १.६ किलोमीटर दाखवत असेल तर चालत वीस मिनिटं, आणि रोज दोन वेळच्या रिक्षाचे पैसे घराच्या हप्त्यात धरावे लागतील.

भाड्याच्या घरांच्या जाहिरातींत मात्र विशेषणं एक वेगळं वळण घेतात. ती घर सोडून वाचणाऱ्याचं वर्णन करायला लागतात. ‘सुसंस्कृत कुटुंबास देणे आहे.’ ‘फक्त नोकरदार, डिसेंट फॅमिली.’ ‘शाकाहारी लोकांना प्राधान्य.’ मुंबईत ‘कॉस्मोपॉलिटन सोसायटी’ हा शब्द सर्रास वापरतात. भाड्याने घर शोधणारा मासेखाऊ किंवा मुसलमान माणूस तो शब्द शोधत असतो, कारण त्याचा व्यवहारातला अर्थ आहे, की इथे तुझ्या आडनावावरून आणि स्वयंपाकघरावरून तुला परत पाठवणार नाहीत. एका शब्दाने दिलासा मिळावा, म्हणजे तो शब्द नसलेल्या किती दारांवरून माणूस परतला असेल याची कल्पना करावी. मला या जाहिरातींचा राग येतो. लहान घराला टुमदार म्हणणाऱ्याने निदान घर पाहू दिलं. ‘सुसंस्कृत कुटुंब’ लिहिणारा फोनवर फक्त आडनाव विचारतो आणि ‘घर गेलं’ म्हणतो, आणि नकार कशाचा हे कागदावर कुठेच उरत नाही. अमेरिकेत १९६८ च्या गृहनिर्माण कायद्याने वंश, धर्म वगैरेंवरून पसंती सूचित करणारी जाहिरात छापणंच बेकायदा ठरवलं, ते याच कारणाने.

वाचणाऱ्याचं वर्णन करण्याची ही रीत नोकरीच्या जाहिरातींत पूर्ण फुललेली दिसते. ‘उत्साही, तरतरीत, संयमी, दडपणाखाली काम करू शकणारा, मल्टिटास्किंग करणारा उमेदवार हवा. कुटुंबासारखं वातावरण.’ इथे कंपनीबद्दल जवळजवळ काहीच सांगितलेलं नाही, सगळी विशेषणं अर्जदाराला चिकटवलेली आहेत. अशी जाहिरात उलटी वाचायची असते. ज्या गुणाची मागणी आहे, तो गुण कोणत्या परिस्थितीत लागेल, याचा विचार केला की परिस्थिती समोर येते. संयम लागतो तो चिडलेल्या गिऱ्हाइकांसमोर. दडपणाखाली काम करावं लागतं ते माणसं कमी असली की. मल्टिटास्किंग म्हणजे बहुतेकदा अकाउंट्सही बघायचे आणि रिसेप्शनही. ‘स्वयंप्रेरित’ म्हणजे शिकवायला कुणी नाही. ‘लवचीक’ म्हणजे सुटण्याची वेळ ठरलेली नाही. यातली कोणतीही नोकरी वाईटच असेल असं नव्हे. आमच्याकडे माणसं कमी आहेत, काम जास्त आहे, पण शिकायला भरपूर मिळेल, असं स्पष्ट लिहिणाऱ्या छोट्या संस्थेत मी आनंदाने अर्ज करायला सांगेन. आक्षेप आहे तो कामाची अट उमेदवाराचा सद्गुण म्हणून मांडण्यावर. अट म्हणून लिहिली असती तर तिची किंमत मागता आली असती. सद्गुण म्हणून लिहिली की उमेदवार ती फुकट देतो, आणि संध्याकाळी सहाला निघाला तर त्याच्यातच काहीतरी उणं आहे असं ठरतं.

‘उत्साही’ या शब्दाची गोष्ट देशागणिक बदलते. अमेरिकेत १९६७ च्या कायद्याने चाळीस आणि त्यापुढच्या वयाच्या माणसांना नोकरीत संरक्षण दिलं, आणि त्याखालच्या नियमांनी जाहिरातीतल्या ‘तरुण’, ‘नुकताच पदवीधर’ अशा शब्दांवर नाव घेऊन बोट ठेवलं. मग ‘उत्साही’ हा शब्द वय न लिहिता वय सुचवण्याच्या कामी येऊ लागला. आपल्याकडे खासगी कंपन्यांना तशी आडकाठी नाही. ‘वय १८ ते २८’ असं उघड छापलेलं असतं. त्यामुळे वयाची अट लिहूनही पुढे ‘उत्साही’ असेल, तर तो शब्द कामाबद्दल काहीतरी सांगतोय. दुकानात दिवसभर उभं राहायचं असेल, दुपारच्या उन्हात दुचाकीवर फिरून विक्री करायची असेल, किंवा दिवसाला शंभर फोन लावून बहुतेकांचा नकार ऐकायचा असेल. ‘स्वतःची दुचाकी आवश्यक’ ही ओळ सोबत असली तर पेट्रोलचे पैसे कोण देणार, हा पहिला प्रश्न.

अशा शब्दांचा परिणाम अर्ज कोण करतं यावरही होतो. डॅनिएल गॉशर, जस्टिन फ्रीझन आणि एरन के या संशोधकांनी २०११ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. पुरुषांची संख्या जास्त असलेल्या क्षेत्रांच्या जाहिरातींत ‘स्पर्धात्मक’, ‘वर्चस्व गाजवणारा’ अशा धाटणीचे शब्द जास्त आढळले. असे शब्द असलेल्या जाहिराती स्त्रियांना कमी आकर्षक वाटल्या. काम जमणार नाही असं त्यांना वाटत नव्हतं, तिथे आपली जागा नसेल असं वाटत होतं. जाहिरात लिहिणाऱ्याने कुणालाही ‘येऊ नका’ म्हटलं नव्हतं. दोन-चार विशेषणांनीच ते काम केलं होतं.

नोकरीच्या जाहिरातीत आकडा येतो तो पगाराच्या जागी, आणि तोही ५८० चौरस फुटांसारखाच फुगलेला असतो. ‘सीटीसी ३.६ लाखांपर्यंत.’ वाचणारा मनात ३,६०,००० ला बाराने भागतो आणि महिना ३०,००० धरतो. सीटीसी म्हणजे कंपनीला त्या माणसावर वर्षात होणारा एकूण खर्च. त्यातलं हातात किती येतं, ते एका उदाहरणाने पाहू. यात ६०,००० रुपये इन्सेंटिव्ह आहे, जे टार्गेट पूर्ण झालं तरच मिळतं. मूळ पगार १५,००० धरला तर कंपनीचा भविष्य निर्वाह निधीतला वाटा बारा टक्के, म्हणजे महिना १,८००, वर्षाचे २१,६००. ग्रॅच्युइटीची तरतूद मूळ पगाराच्या ४.८१ टक्के, म्हणजे वर्षाला सुमारे ८,६६०, आणि ती सर्वसाधारणपणे पाच वर्षं टिकणाऱ्यालाच मिळते. विम्याचा हप्ता ६,००० धरू. हे सगळं वजा केल्यावर उरतात सुमारे २,६३,७४०, म्हणजे महिना २१,९८० च्या आसपास. त्यातून कर्मचाऱ्याचा स्वतःचा निधीतला वाटा १,८०० आणि व्यवसाय कर २०० कापला जातो. महाराष्ट्रात महिना २५,००० पर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना व्यवसाय कर नाही, तेवढे दोनशे त्यांचे वाचतात. बँकेत जमा होतात सुमारे २०,०००. निधीत साठणारे पैसे आपलेच असतात, ते बुडालेले नाहीत. पण घरभाडं, मेस आणि गावाकडे पाठवायचे पैसे या २०,००० तूनच जातात. ३०,००० च्या हिशोबाने पुण्यात खोली भाड्याने घेतलेल्या मुलाला हा फरक पहिल्या महिनाअखेरीस कळतो.

त्यातही ‘पर्यंत’ हा शब्द वेगळा पाहावा. ३.६ लाख ही वरची टोकाची रक्कम आहे, खालचं टोक लिहिलेलं नाही. ‘अमर्याद कमाई’ असेल तर ठरावीक पगार फार कमी आहे किंवा मुळीच नाही असं धरून चालावं. ‘पगार उद्योगाच्या प्रमाणानुसार’ म्हणजे तुमचा आधीचा पगार विचारून त्यावरून आकडा ठरेल. आणि नोंदणीसाठी, प्रशिक्षणासाठी, गणवेशासाठी आधी पैसे मागणारी जाहिरात बाजूलाच टाकावी. तिच्यातल्या शब्दांचा अर्थ लावत बसण्याची गरज नाही.

मुलाखतीत विचारायचे प्रश्न यातूनच निघतात, आणि ते सभ्यपणे विचारता येतात. इन्सेंटिव्ह सोडून महिन्याला हातात किती? गेल्या वर्षी या टीममधल्या किती जणांना पूर्ण इन्सेंटिव्ह मिळालं? कामाची वेळ काय, आणि त्यापुढे थांबावं लागलं तर ओव्हरटाइम कसा मोजतात? मी ज्या जागेवर येणार आहे तिथे आधी कोण होतं, किती दिवस होतं, आणि का गेलं? शेवटच्या प्रश्नाला ‘त्यांना बढती मिळाली’ असं उत्तर आलं तर त्या व्यक्तीशी दोन मिनिटं बोलता येईल का, असं विचारावं. जागा नवीन असेल तर ते सरळ सांगतात. एका वर्षात तिसरा माणूस शोधत असतील तर उत्तर लांबतं, वातावरणाबद्दल बोललं जातं, टीम किती छान आहे हे सांगितलं जातं. तेव्हा प्रश्न पुन्हा एकदा, तितक्याच शांतपणे विचारावा, आणि हातात येणाऱ्या पगाराचा आकडा ईमेलवर लिहून मागावा. लिहून द्यायला त्यांना एक ओळ लागते, आणि ती ओळ येईपर्यंत आधीच्या नोकरीचा राजीनामा देऊ नये.